त्र्याण्णव फोटोंतले शेषेराव

शिवकन्या माझ्या स्टुडिओत सतरा वर्षं काम करते आहे आणि मागच्या जूनपर्यंत तिनं मला एकदाही ‘छान फोटो काढलात’ असं म्हटलेलं नव्हतं. फार तर ‘चालेल’ म्हणते. ज्या दिवशी ‘चालेल’ म्हणते त्या दिवशी मी घरी जाताना जिलबी घेऊन जातो.

नांदेडला वजिराबादेत आमचा स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो मी काढतो. पण त्यातले निवडायचे, रंग नीट करायचे, छपाईला पाठवायचे, हे सगळं तिचं. बाई मूळची उदगीरची. कपाळावर विभूतीची रेघ, जाड भिंगांचा चष्मा, आणि गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायची सवय. लग्न जमलं नाही. का जमलं नाही ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आई, गौरम्मा, असेपर्यंत दर शनिवारी उदगीरची गाडी धरायची. आता शनिवारीही कामाला येते. कुठल्या नवरीच्या डाव्या हातात घड्याळ होतं हे तिला दोन वर्षांनी आठवतं, पण स्वतःची छत्री दर आठवड्याला कुठं तरी विसरते. तिच्याबद्दल लिहायचं तर शेषेरावांच्या अल्बमबद्दलच लिहायला हवं, कारण त्या कामात मला ती पहिल्यांदा पुरती कळली.

शेषेराव एसटीचे ड्रायव्हर. तीस वर्षं नोकरी, बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, एकच मुलगी, ऋतुजा. ऋतुजा लातूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिनं पहिल्या पगारात बापासाठी लग्नात घालायला कपडे घेतले होते: मोतिया रंगाचा नेहरू शर्ट, पांढरा पायजमा आणि मेंदी रंगाचं जाकीट. लग्न ठरायच्याही आधी घेतले होते, यावरून तिची बापावरची माया समजा.

लग्न मागच्या फेब्रुवारीत झालं. आदल्या दुपारी हळद लागली, आणि चारच्या सुमाराला शेषेरावांचा डेपोतला जोडीदार ड्रायव्हर निवृत्ती याचे वडील गेल्याचा निरोप आला. निवृत्तीची त्या दिवशी देवणीची मुक्कामी गाडी होती. शेषेराव म्हणाले, मी नेतो, सकाळी दहाच्या आत परत येतो. कपड्यांची पिशवी सोबत घेतली, उदगीरला थांबून कलप लावायचा आणि तिथंच कपडे बदलायचे असं ठरवलं. सकाळी गाडी घेऊन निघाले तर उदगीरला पोचायच्या आधीच उसाची ट्रॉली रस्त्यावर उलटलेली. तीन तास गाडी जागची हलली नाही, मग उदगीरला थांबायचं राहूनच गेलं. नांदेडला येऊन गाडी डेपोत लावली आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून कार्यालयात पोचले, तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. कपड्यांची पिशवी गाडीच्या केबिनमध्येच राहिली.

तर असे शेषेराव लग्नाच्या दिवशीच्या माझ्या सगळ्या फोटोंत आले. अंगावर चुरगळलेली खाकी, पांढरे केस एका बाजूला चप्प बसलेले. फेटे बांधणाराही तोवर निघून गेला होता, त्यामुळे डोकं उघडंच. पिशवी संध्याकाळी मिळाली, पण तोवर पोरगी सासरी गेली होती.

आठ दिवसांनी ते स्टुडिओत आले. पिशवी छातीशी धरलेली.

“साहेब, एक इचारायचं होतं. फोटोत कपडे बदलता येत्यात म्हणं?”

मी म्हटलं, येतात. पण मी जरा तोंडफाटका माणूस आहे, म्हणून पुढं हेही म्हटलं, “शेषेराव, चारशे माणसांनी तुम्हाला खाकीत पाहिलंय. आता अल्बममध्ये जाकीट घालून कुणाच्या डोळ्यात धूळ टाकणार?”

ते रागावले नाहीत. खुर्चीच्या काठावर बसले. “लोकांसाठी न्हाई हो. खाकीची मला काय लाज? तिच्यावरच पोट भरलं. पण पोरीनं मला स्टेजवर पाहिलं, तवा आधी माझ्या हाताकडं पाहिलं, पिशवी हाय का म्हणून. मंग म्हणली, असू द्या बाबा. लई हळू म्हणली. ते ‘असू द्या’ माझ्या कानातून जाईना झालंय.”

शिवकन्या पाठमोरीच बसली होती. माऊसवरचा हात थांबलेला मला दिसला.

अल्बमसाठी दोनशे बारा फोटो निवडले होते. त्यातल्या त्र्याण्णव फोटोंत शेषेराव होते. काहींत अगदी पुढं, काहींत मागं कुठं तरी, अर्धे, कुणाच्या खांद्याआडून. मला वाटलं, हल्ली हे काम सोपं झालंय. एआयला फोटो द्यायचा, ‘याला मेंदी रंगाचं जाकीट घाल, केस काळे कर’ असं लिहायचं, संपलं. उत्साहानं मी शेषेराव बसलेले असतानाच पाच फोटो करून पाहिले आणि तिच्यापुढं ठेवले.

तिनं ते शेजारीशेजारी लावले. एकात जाकीट मेंदी, दुसऱ्यात पोपटी, तिसऱ्यात जवळजवळ काळं. बटणं एकात पाच, एकात सात. भांग कधी डावीकडं, कधी उजवीकडं. एका फोटोत तर मशीननं मिशा बारीक करून गालांवरच्या सुरकुत्याही पुसून टाकल्या होत्या. तिथं शेषेराव जावयाच्या वयाचे दिसत होते. सुटा बघितला तर एकेक फोटो झकास होता. पाचही एकत्र बघितले की पाच वेगळी माणसं.

“मशीनला काय माहीत जाकीट कसं आहे?” शिवकन्या म्हणाली. “ते दर वेळी नवं शिवतंय.” मग ती खुर्ची फिरवून शेषेरावांकडं वळली. गिऱ्हाइकाकडं ती अशी वळलेली मी क्वचितच पाहिली आहे. “काका, उद्या कलप लावून या. लग्नाला जसा भांग पाडणार होता तसा पाडा. आणि हे कपडे इथं येऊन घाला.”

“इथं? आता?”

“मला तुम्ही त्या कपड्यांत दिसायला पाहिजेत. त्याशिवाय मी हात लावणार नाही.”

दुसऱ्या दिवशी शेषेराव आले. केस काळेभोर, कानामागं थोडा कलप लागलेला, तो शिवकन्यानं ओल्या कापसानं स्वतः पुसला. आतल्या खोलीत जाऊन कपडे बदलून बाहेर आले आणि पडद्यापुढं उभे राहिले. लग्नासाठी घेतलेले कपडे माणूस लग्न होऊन गेल्यावर, ट्यूबलाइटखाली, परक्या दोघांपुढं पहिल्यांदा घालतो आहे, हे मला बघवेना. मी उगाच लाइटची छत्री इकडची तिकडं केली.

शिवकन्या मात्र कामाला लागली. लग्नाचे फोटो तिनं आधीच बघून ठेवले होते आणि कुठली कुठली बाजू लागणार ते कागदावर लिहून आणलं होतं. ती सांगत गेली आणि मी फोटो काढत गेलो. समोरून. थोडं डावीकडं वळून, मग उजवीकडं. पूर्ण बाजूनं. पाठीमागून. खुर्चीवर बसून, कारण बसल्यावर जाकीट पोटाशी वर चढतं. वाकून, कारण पंगतीत वाढताना ते वाकले होते. नमस्कार करताना. शेवटी ती म्हणाली, “काका, आता हात पुढं करा. पोरीला जवळ घेतो तसे.”

शेषेरावांनी हात पुढं केले. पुढं कुणीच नव्हतं. हात तसेच हवेत धरून ते उभे राहिले, मान थोडी खाली घातली, जशी पाठवणीला घातली होती. मी बटण दाबलं.

चौदा फोटो झाले. त्यानंतर साडेतीन आठवडे शिवकन्या त्या कामात बुडाली.

तिची रीत मी तेव्हा नीट पाहिली. त्र्याण्णव फोटोंचे तिनं आधी उजेडाप्रमाणे ढीग केले: स्टेजवरचे फ्लॅशचे, पंगतीतले ट्यूबलाइटचे, अंगणातले उन्हाचे. एकच जाकीट उन्हात पिवळट दिसणार आणि ट्यूबलाइटखाली निळसर, आणि ते तसंच दिसायला हवं. सगळीकडं हुबेहूब एकच रंग ओतला तर कागदाचं चिकटवल्यागत वाटतं. मग प्रत्येक फोटोत फक्त केस आणि कपडे एवढाच भाग आखून घ्यायचा. चेहरा, हात, गळ्यातला हार, मांडीवर चढलेलं पोर, यांना धक्का नाही. चौदापैकी त्या बाजूचा जो फोटो जवळचा, तो मशीनपुढं ठेवायचा आणि सांगायचं की हेच जाकीट, हेच केस. त्यातून जे येईल ते बटण न् बटण तपासून, कानाजवळची कडा हातानं नीट करायची. खाकीचा रंग हनुवटीखाली सांडलेला असतो, तोही काढायचा. आणि दर वेळी मूळ फोटोपासून सुरुवात करायची, आधी बदललेल्या फोटोवर पुन्हा बदल करायचा नाही. मी विचारलं, का? “झेरॉक्सची झेरॉक्स काढून बघा दहा वेळा,” ती म्हणाली, “मग कळेल का.”

हळदीच्या फोटोंतले पांढरे केस आणि घरचे कपडे तिनं तसेच ठेवले. कलप त्यानंतर लागणार होता ना, मग हळदीत काळे कसे असतील? मला हे सुचलंही नसतं.

एवढं सगळं करून तिनं त्र्याण्णवही फोटो वेळेच्या क्रमानं एका पडद्यावर छोटे छोटे मांडले. मग ती एका वेळी एकच गोष्ट बघायची. एकदा नुसता भांग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग नुसती बटणं. मग खिसा. आणि खिशाशी आल्यावर तिनं चष्मा काढून टेबलावर आपटला.

“दादा! हे अकरा फोटो तुम्ही उलटे केलेत!”

केले होते. पान मांडताना माणसं पानाच्या आत बघणारी बरी दिसतात, बाहेर बघणारी नाहीत. म्हणून मी कधी कधी तिच्याकडं रंगाला देण्याआधीच फोटो आरशातल्यासारखा फिरवतो. मागं पाटीबिटी नसली तर कुणाच्या लक्षात येत नाही. वीस वर्षं करतो आहे. खाकी शर्टाला दोन्हीकडं खिसे, केस चप्प, त्यात काय कळणार? पण जाकिटाला खिसा एकच आणि भांगही एकाच बाजूला. शेषेराव एका पानावर डाव्या खिशाचे, समोरच्या पानावर उजव्या खिशाचे झाले होते. आणि तिनं आखून-तपासून बसवलेलं काम माझ्या फिरवाफिरवीनं पाण्यात गेलं होतं, कारण उलट्या फोटोला तिनं सुलटा नमुना लावला होता, आणि तो बसवताना मशीननं खिसा मनानं भलतीकडं नेला होता.

“किती बायकांचे पदर तुम्ही आजवर उजव्या खांद्यावर नेऊन ठेवलेत, देव जाणे,” ती म्हणाली. मी मुकाट्यानं अकराही फोटो सुलटे केले आणि पानं पुन्हा मांडली. तिनं अकराही मुळापासून परत केले. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. माझं चुकलंच होतं.

शेवटी पाठवणी आली. पाठवणीला ऋतुजा बापाच्या छातीवर डोकं टेकून रडली होती, आणि त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत शेषेरावांच्या खाकीवर कुंकवाचा आणि काजळाचा डाग होता. असे सात फोटो. मी म्हटलं, “बरं झालं, नवं जाकीट आलं, डाग आपोआप गेला.”

“गेला कसा?” शिवकन्या म्हणाली. “ती रडलीय ना तिथं?”

“अगं, पण जाकिटावर ती कुठं रडलीय?”

“आपण म्हणतोय ना त्यांनी जाकीट घातलं होतं? मग डाग जाकिटावरच पडायला पाहिजे. आधीच्या फोटोंत नाही, आणि त्यानंतरच्या साती फोटोंत आहे. पोरगी रडून गेली आणि बाप स्वच्छ उभा, असं कुठं असतं?”

तिनं तो डाग खाकीवरून जाकिटावर आणला. मेंदी रंगावर कुंकू थोडं काळपट दिसतं, काजळ तर दिसतच नाही. पण जाकिटाच्या उघड्या भागात मोतिया शर्टावर काजळाची एक फिकट बोटभर रेघ आली. सातही फोटोंत एकाच जागी, तेवढीच. ती रेघ करताना बाई रडत होती. पाठमोरी होती, पण चष्मा किती वेळा पुसला ते मी मोजलं नाही तरी मला दिसत होतं. मी चहा आणून ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

एप्रिलमध्ये अल्बम गेला. शेषेरावांनी तो लातूरला स्वतः नेऊन दिला. पोरीच्या हातात ठेवला आणि पाणीसुद्धा न पिता परतीच्या गाडीत बसले, असं नंतर कळलं. ती काय म्हणेल ते बघायचा त्यांना धीर झाला नाही. पुढं दोन महिने ते आमच्या दुकानावरून जाताना आत डोकवायचे आणि म्हणायचे, “काई बोलली न्हाई अजून. फोनवर दुसरंच बोलती.”

जूनमध्ये ऋतुजा एकटीच स्टुडिओत आली. काखेत अल्बम. म्हटलं, आता ही म्हणणार, माझ्या लग्नात खोटा बाप कशाला उभा केला?

“हे कोणी केलं?” तिनं विचारलं.

शिवकन्या उठून उभी राहिली. “मी.”

“पहिल्यांदा मला रागच आला होता,” ऋतुजा म्हणाली. “मी बाबांना खाकीत बघितलंय, ते धावत येताना बघितलंय. ते पुसून टाकायचा कोणाला काय अधिकार? मी अल्बम मिटून कपाटात ठेवला. परवा परत काढला. सगळ्या पानांवर जाकीट तेच. बसल्यावर वर चढतंय, पाठीवर चुणी पडतीय. मॅडम, हे कॉम्प्युटरनं मनानं केलेलं नाही ना? हे कुणाच्या तरी अंगावर होतं?”

“तुमच्या बाबांच्याच,” शिवकन्या म्हणाली, आणि तिनं ते चौदा फोटो उघडले.

ऋतुजा एकेक बघत गेली. समोरून, बाजूनं, पाठीमागून. कलप लावून, नवे कपडे घालून, शाळेतल्या पोरासारखा सांगेल तसा वळणारा बाप. शेवटच्या फोटोशी ती थांबली.

“इथं हात असे का धरलेत?”

शिवकन्यानं सांगितलं, “पाठवणीच्या फोटोसाठी. तुम्हाला जवळ घेतात तेव्हा बाही कशी पडते, ते बघायचं होतं.”

पोरीचा बांध फुटला. उभ्या उभ्या रडली, टेबलाला धरून. मला काही तरी करायची घाई असते, म्हणून मी म्हटलं, “बाळा, पाहिजे तर यात तुला बसवून देतो. लग्नातलाच तुझा फोटो घेऊन, शालूसकट. दहा मिनिटांचं काम.” शिवकन्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झालो.

“नको,” ऋतुजा डोळे पुसत म्हणाली. तिनं फोन लावला. “बाबा, कुठं हाव? ... ड्यूटी सुटली? ... मग ते कपडे घालून स्टुडिओत या. मी इथंच हाय. ... न्हाई न्हाई, केसबीस काई करू नका. हाय तसे या.”

शेषेराव तासाभरानं आले. जाकिटाचं वरचं बटण घाईत चुकलेलं. चार महिन्यांत कलप उतरून गेला होता, मुळाशी पांढरे केस दोन बोटं वर आलेले, टोकाला तांबूस. अल्बममधल्या त्र्याण्णव फोटोंतल्या एकाशीही ते डोकं जुळत नव्हतं. दारातच थांबले, पोरीकडं बघायचं धाडस होईना.

“मापात बसलं का हो, बाबा?” ऋतुजानं विचारलं.

“बसलं की,” ते म्हणाले. “बगलंत जरा घट्ट हाय. पर बसलं.”

मग तिनं जाऊन त्यांच्या छातीवर डोकं टेकलं, आणि त्यांचे हात तिच्याभोवती आले. पडद्यापुढं नाही, नीट उजेडातही नाही, दारातच. मी कॅमेरा उचलला आणि एकच फोटो घेतला. बटण चुकलेलं, केस दोन रंगांचे, मागं रस्त्यावरची रिक्षा आलेली.

ती दोघं गेल्यावर शिवकन्यानं तो फोटो पडद्यावर उघडला. मला वाटलं, आता केस नीट करील, निदान बटण तरी. बराच वेळ बघत बसली. मग कशालाही हात न लावता तिनं तो तसाच छापायला पाठवला, आणि माझ्याकडं न वळता म्हणाली, “छान काढलात, दादा.”